खो, चिंचोके आणि आठवीचा वर्ग : प्रकल्प नोंदी

१७ जून

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली मराठी माध्यमाची शाळा, इयत्ता आठवी, १८ मुली आणि १८ मुलगे. मुलांनी स्वतःचं आणि सोबत्याचं मूल्यमापन करायचं, असा प्रकल्प घेतलाय. खेळ खो-खो. त्यातही सगळा खेळ नाही, फक्त खो देणं. नावांऐवजी हजेरी क्रमांक लिहितोय, म्हणजे ही वही कुणाच्या हाती लागली तरी अडचण नको.

पहिला कागद आज वाटला. दोनच ओळी होत्या : ‘मी खो चांगला देतो/देते का? ५ पैकी गुण द्या’ आणि ‘माझा जोडीदार खो चांगला देतो/देते का? ५ पैकी गुण द्या’. दहा मिनिटांत सगळे कागद परत आले. एवढ्या लवकर आले तेव्हाच शंका यायला हवी होती. जोडीदाराच्या रकान्यात ३३ जणांनी ५ दिले होते. उरलेल्या तिघांनी १ दिला होता, आणि त्या तिघांचं आपापल्या जोडीदाराशी सकाळीच वाजलं होतं, हे नंतर कळलं. स्वतःला २९ जणांनी ५ दिले.

गेल्या आठवड्यात मी स्वतः बघितलंय. नियमात बसणारा खो सातत्यानं देणारी मुलं डझनभरही नाहीत.

मुलं खोटं बोलली असं म्हणवत नाही. त्यांना मी विचारलं काय, तर ‘तुझा मित्र चांगला आहे का?’ दुसरं काय लिहिणार? ‘चांगला’ हा शब्दच काढून टाकायला हवा.

२१ जून

शनिवारची सकाळची शाळा. कवायत झाल्यावर अर्धा तास मिळाला. फळ्यावर काही न लिहिता विचारलं, ‘पंच शिट्टी कधी मारतो?’ आता मात्र उत्तरं भराभर आली. खो पाठीमागून द्यायचा. हात लागणं आणि ‘खो’ म्हणणं एकदमच व्हायला हवं. बसलेल्यानं खो मिळायच्या आधी उठायचं नाही. खो दिल्यावर देणाऱ्यानं लगेच त्या जागी बसायचं. मधली पाटी ओलांडायची नाही. नियम सगळ्यांना तोंडपाठ आहेत. नियम पाठ असणं आणि आपल्याकडून तो मोडतोय हे दिसणं यांत बरंच अंतर आहे, आणि मला त्या अंतरावरच काम करायचंय.

पाचही गोष्टी एकदम बघायला लावल्या तर एकही नीट दिसणार नाही. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे एकच गोष्ट : हात आणि आवाज एकदम आले की नाही. हीच आधी का, तर पुढच्या बऱ्याच चुका इथून निघतात. आवाज आधी आला तर बसलेला आवाजावर उठतो आणि हात लागायच्या आत जागा सोडतो. हात आधी लागला आणि आवाज मागून आला तर तो उठू की नको म्हणून अडखळतो, आणि तेवढ्यात पळणारा दोन पाट्या पुढे निघून जातो.

तिघांचे गट केले : एक देणारा, एक बसणारा, एक बघणारा. देणारा चार-पाच पावलांवरून धावत येऊन दहा खो देईल, मग जागा बदलायच्या. मुलींचे सहा गट वेगळे, मुलांचे सहा वेगळे. आठवीत पाठीला हात लावायचा म्हटलं की मुलं-मुली संकोचतात, आणि संकोचलेला हात नीट लागतच नाही.

२५ जून

पाऊस. मैदानात घोटाभर लाल चिखल. वर्ग व्हरांड्यात घेतला आणि आधी बघणाऱ्यांचे डोळे तयार करायचं ठरवलं.

एका मुलाला बसवून मीच दहा खो दिले. त्यातले चार मुद्दाम चुकवले, दोनदा आवाज आधी आणि दोनदा हात आधी. म्हणजे बरोबर उत्तर सहा. प्रत्येकानं आपला आकडा कुणाला न दाखवता लिहायचा होता. आकडे तीनपासून दहापर्यंत आले. दहा लिहिणारे पाच जण होते. ‘सरांचा खो चुकणार कसा’ असं त्यातल्या एकानं सरळच सांगितलं. सांगितलं हे बरं झालं. माणसाकडे बघून खो मोजायचा ही सवय तिथंच उघडी पडली.

मग कोण कुठे उभं होतं ते बघितलं. समोर उभे असलेल्यांना बसलेल्या मुलाचा चेहरा दिसत होता, माझा हात त्याच्या पाठीआड. त्यांनी नुसत्या आवाजावर मोजलं होतं. बाजूला उभे होते त्यांचे आकडे सहाच्या आसपास होते. नियम ठरला : बघणाऱ्यानं बसलेल्याच्या बाजूला, दोन पावलांवर, त्याच्या खांद्याच्या रेषेत उभं राहायचं. देणाऱ्याचा हात आणि बसलेल्याची पाठ एकाच नजरेत यायला हवी.

पुन्हा दहा दिले, या वेळी तीन चुका. आता बहुतेकांचे आकडे सहा, सात किंवा आठ. एका चुकीचा फरक राहणारच, पंचांचाही राहतो.

२ जुलै

दोन दिवस सुट्टी पावसामुळं. आज थोडी उघडीप होती म्हणून शाळेमागच्या मुरुमावर गट उभे केले. कागदाचा लगदा झाला. पेन घसरतं, खूण करायला मान खाली घातली की पुढचा खो निसटतो. आणि क्र. २३ ला लिहिण्याचाच धाक आहे. कागद हातात आला की तो मागं सरकतो, खेळात मात्र सगळ्यात पुढं.

त्यानंच तोडगा काढला, म्हणजे नकळत. खिशातून चिंचोके काढून खेळत बसला होता. आता बघणाऱ्याकडे दहा चिंचोके आणि दोन करवंट्या असतात. एका करवंटीला चुन्याचं बोट ओढलंय, ती ‘बरोबर’ची. खो झाला की खाली न बघता चिंचोका टाकायचा. (आधी डावा खिसा आणि उजवा खिसा असं ठरवलं होतं. मुलींच्या गणवेशाला खिसाच नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी आणून दिलं.) शेवटी दोन्ही करवंट्यांचे मिळून दहा भरायला हवेत. नऊच भरले, तर एक खो बघायचा राहिलाय हे बघणाऱ्यालाच कळतं.

कन्नड घरातली दोन मुलं वर्गात आहेत. ती ‘बरोबर’च्या करवंटीला ‘सरी’ आणि चुकीच्या करवंटीला ‘तप्पु’ म्हणतात. सगळा वर्ग तेच म्हणायला लागला.

९ जुलै

आज स्वतःचा अंदाज जोडला. खो द्यायच्या आधी देणाऱ्यानं मोठ्यानं आकडा सांगायचा : दहापैकी माझे किती सरी पडतील. मग बघणारा मोजेल.

क्र. १७ ची गोष्ट नीट लिहून ठेवतो, कारण हे साधन नेमकं काय करतं ते तिच्यात दिसलं. ही मुलगी वर्गातल्या चपळ मुलींपैकी. अंदाज सांगितला नऊ. करवंटीत निघाले चार. तोंड पडलं, बघणारीला म्हणाली, ‘तुला दिसलंच नाही.’ मी मध्ये पडलो नाही. फक्त एवढंच विचारलं, की चुकलेल्या सहांत आधी काय आलं, हात की आवाज? बघणारीनं पटकन सांगितलं, ‘हात. आवाज सगळे मागनं.’ आणि पुढं म्हणाली, ‘पहिले तीन-चार बरोबर पडले, मग चुकत गेले.’

हे मलाही दिसलं नव्हतं. चूक खो देण्याच्या ज्ञानात नव्हती, दमात होती. धावत आल्यावर दम लागतो, हात पोहोचतो आणि आवाज श्वासासाठी थांबतो. तिला म्हटलं, शेवटच्या दोन पावलांआधी श्वास भरून घे आणि तो खो म्हणताना सोड. पुन्हा दहा. या वेळी अंदाज सांगितला सहा, निघाले सात. माझ्या दृष्टीनं चाराचे सात झाले यापेक्षा नवाचा अंदाज सहावर आला हे मोठं.

जाताना म्हणाली, ‘हात लावलो सर, खरं खो मागनं म्हटलो.’ आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात. पुण्याकडचं माणूस हे वाक्य ऐकून गोंधळेल. मला मात्र त्या ‘खरं’ची आज गंमत वाटली.

१८ जुलै

दुसरी गोष्ट घेतली : बसलेला आधी उठतो का. इथं बघणाऱ्यानं हात-आवाज विसरून फक्त बसलेल्याच्या टाचा आणि कंबर बघायची. टाचेवरचा भार पुढं सरकला आणि कंबर वर आली, आणि हात अजून लागलेला नाही, तर तप्पु.

इथं गाडी अडली. क्र. ४ संघाचा कॅप्टन. मी बाजूनं बघत होतो. दहापैकी निदान पाच वेळा तो आधी उठला. तो आवाजावरही उठत नाही, देणाऱ्याच्या पावलांच्या आवाजावर उठतो. बघणाऱ्यानं दहाच्या दहा चिंचोके सरीत टाकले. दुसऱ्या गटातला मुलगा बघायला उभा केला, त्यानंही दहा. मुलाला न दिसण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या स्पर्धेचा संघ निवडायचा आहे, आणि कॅप्टनचा शब्द चालतो हे सगळ्यांना माहीत आहे.

मी त्या वेळी काही बोललो नाही. घरी येताना विचार करत होतो, की बघणारा नक्की कुणाला घाबरला, कॅप्टनला की मला? गटातले आकडे मी वहीत उतरवून घेत होतो. त्यामुळं चिंचोका टाकणं म्हणजे सरांकडे चुगली करणं, असा त्याचा अर्थ होत होता.

२४ जुलै

तीन बदल केले.

गटातले आकडे यापुढे माझ्याकडे येणार नाहीत. करवंटी थेट खेळणाऱ्यापुढं ठेवायची, मोजायचंही त्यानंच. त्याच्या वहीत त्याच्या हातानं लिहिलं जाईल. मी मागितल्याशिवाय दाखवायचं नाही, आणि मी मागणार नाही.

दुसरं म्हणजे दोन बघणारे, दोन बाजूंना, मध्ये बसलेला. एकमेकांच्या करवंट्या त्यांना दिसत नाहीत. दोघांत दोनपेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा दहा खो, वाद घालायचा नाही. अर्थात यामुळं गट चौघांचे झाले आणि ४० मिनिटांच्या तासात सगळ्यांची पाळी येत नाही. निम्मे आज, निम्मे पुढच्या तासाला.

तिसरं, बसलेल्यानं प्रत्येक खो नंतर स्वतः सांगायचं की आपण कशावर उठलो : ‘हात’, ‘आवाज’ किंवा ‘अंदाज’. हे बाहेरून कुणालाच पक्कं दिसत नाही, त्याचं त्यालाच माहीत.

क्र. ४ च्या दोन बघणाऱ्यांच्या सरी करवंट्यांत आज पाच आणि सहा निघाले. तो चिडला. दोघांनाही काही दिसत नाही म्हणाला. मी मोबाईलवर त्याच्या फक्त टाचा आणि कंबर येईल असं मंदगतीचं चित्रण केलं, त्याला विचारूनच. त्यानं तीनदा बघितलं. टाच उचलली जाते, मग बोटं पाठीला लागतात, मध्ये चांगलं बोटभर अंतर. चौथ्यांदा बघताना हळूच म्हणाला, ‘व्हय, आधीच उठलोय की.’ चित्रण त्याच्यासमोरच पुसलं.

त्यानंतरच्या दहांत त्यानं स्वतः चार वेळा ‘अंदाज’ म्हटलं.

मोबाईल रोज काढायचा नाही हेही ठरवलं. चित्रण आलं की मुलं बघणाऱ्यावर विश्वास ठेवायचं सोडतात आणि दर खो ला ‘सर, मोबाईल दाखवा’ सुरू होतं.

५ ऑगस्ट

आज मीच माती खाल्ली.

एफए-२ म्हणजे दुसऱ्या आकारिक मूल्यमापनाचे गुण भरायची वेळ आली. शारीरिक शिक्षणाचा रकाना रिकामा ठेवून चालत नाही. मला वाटलं, मुलांचा अंदाज आणि करवंटीतला आकडा जुळला तर पाच गुण, एकाचा फरक असेल तर चार, असं केलं तर प्रामाणिकपणालाच गुण मिळतील. कल्पनेवर मी खूश होतो. सहकाऱ्यांनाही सांगून आलो.

तास सुरू झाला. क्र. १७ चा अंदाज सहा. पहिले सहा खो एकदम स्वच्छ. सातवा देताना तिनं हात लावला, थांबली, माझ्याकडे बघितलं आणि मग ‘खो’ म्हटलं. आठवा तसाच. नववा, दहावा तसेच. करवंटीत सहा. अंदाज तंतोतंत.

विचारलं तर अजिबात न बिचकता म्हणाली, ‘सहा सांगितलो होतो ना सर, म्हणून पुढचे मुद्दाम चुकवलो.’

तिचं काय चुकलं? मी गुण ज्याला ठेवले तेच तिनं नेमकं केलं. नंतर बाकीचे गट बघितले. बऱ्याच जणांनी अंदाज एकदम खाली आणला होता, तीन-चार. तेवढे सरी झाले की पुढचे तप्पु करायचे, सोपंच आहे. महिनाभर ज्या अंदाजासाठी राबलो तो एका तासात निकामी झाला.

८ ऑगस्ट

गुण काढून टाकले. वर्गाला कारणही सांगितलं, की चूक माझी होती. मुलं हसली.

रूथ बटलर या संशोधिकेचा १९८८ सालचा अभ्यास पूर्वी वाचला होता. शाळकरी मुलांच्या कामावर काहींना फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचं मात्र सुधारलं नाही, शेजारी गुण असला की शेऱ्याचा उपयोग होईना. वाचताना पटलं होतं. तरी वेळ आल्यावर मी गुण चिकटवलेच.

मग रकाना कसा भरायचा? वेगळ्या दिवशी, आधी सांगून, मीच प्रत्येकाचे दहा खो बघायचे आणि त्यावर गुण भरायचे. ३६ जणांना दोन तास लागले. करवंटीचा, वहीचा, अंदाजाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं, ‘मग त्या चिंचोक्यांचं मूल्यमापनात काय?’ म्हटलं, ‘काही नाही.’ त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. वार्षिक अहवालात स्वयंमूल्यमापनाचा पुरावा दाखवावा लागतो असं म्हणाले, तेही खरंच आहे. तासाचा आराखडा आणि करवंट्यांचा फोटो दिला. मुलांच्या वह्या दिल्या नाहीत.

२० ऑगस्ट

तासाच्या शेवटी वहीत एक वाक्य लिहायचं असं सुरुवातीपासून आहे. दाखवायला कोण तयार आहे विचारलं तर चौदा जणांनी वह्या पुढं केल्या. त्यातल्या नऊ वह्यांत एकच वाक्य : ‘मी अजून सराव करीन.’ निबंधाच्या शेवटी लिहितात तसं. हे चिंतन नव्हे, सही आहे.

आता वाक्याला दोन अटी. शरीराचा एक भाग यायला हवा आणि तो नेमका कधी चुकतो ते यायला हवं. क्र. २३ ला लिहायचं नाही, तो गटाला तोंडी सांगतो. आज त्यानं सांगितलं, ‘उजव्या बाजूला तोंड करून बसलो की बरोबर उठतो. डावीकडं तोंड असलं की आधी उठतोय, कारण तिकडनं येणारा दिसतोय डोळ्याच्या कोपऱ्यातनं.’ शेजारी-शेजारी बसलेल्यांची तोंडं उलट दिशांना असतात, त्यामुळं दर डावात हा प्रश्न येणारच. मी पंधरा वर्षं खो-खो शिकवतोय, दोन बाजूंतला हा फरक मी कधी तपासला नव्हता.

पुढच्या तासाला त्याला दोन्ही दिशांना तोंड करून दहा-दहा खो घेऊन बघणार. गणपतीची सुट्टी लागायच्या आत व्हायला हवं.

१० सप्टेंबर

मैदान वाळलं. आठवीचे दोन संघ, पूर्ण डाव, पंच मीच. दुसऱ्या पाळीत क्र. ४ च्या संघानं एक गडी बाद केला. मला सगळं नियमात दिसलं. तेवढ्यात बसलेल्यांपैकी क्र. ३१ नं हात वर केला, ‘सर, मी आधी उठलोय.’ मी फाऊल दिला, बाद झालेला गडी परत खेळायला लागला. क्र. ३१ ला त्याच्याच संघानं मैदानातच झापलं. कॅप्टन काही बोलला नाही, पण समजूतही घातली नाही. सामना त्यांनी दोन गुणांनी घालवला.

नंतरच्या डावात क्र. ३१ निदान दोनदा आधी उठला. हात वर केला नाही.

गटात चिंचोके टाकताना जे बोलतात ते सामन्यात बोलतीलच असं मी धरून चाललो होतो. करवंटीत काही हरायचं नसतं, सामन्यात असतं. सामन्यातला फाऊल बघणं पंचाचं काम आहे, ते बसलेल्या मुलाच्या गळ्यात घालणं बरोबर नाही असंही एक मन म्हणतंय. पुढच्या शनिवारी क्र. ३१ च्या संघाला बसवून एवढंच विचारणार आहे, की त्या डावात कोण कशावर उठलं : हात, आवाज की अंदाज. हरलेल्या सामन्याबद्दल नाही.

दसऱ्यानंतर पळती घ्यायची आहे. तिथं काय मोजायचं हे अजून ठरत नाही. १२० चिंचोक्यांपैकी ८७ शिल्लक आहेत, बाकीचे कुणीतरी भाजून खाल्ले.